आयसीयूच्या दारावरची पाटी: भेटीची वेळ, हात आणि नातेवाईक

वाचकाचे पत्र:

मी फोंडा तालुक्यातील एका खासगी इस्पितळात आयसीयूची सिस्टर इनचार्ज आहे. आमच्याकडे 10 खाटा आहेत. भेटीची वेळ सायंकाळी 5 ते 5.30 आणि एका रुग्णाला एकच माणूस, असा नियम आहे. दारावर "विनापरवानगी आत येण्यास सक्त मनाई" आणि "बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत" अशा पाट्या आहेत, तरी रोज दारात हुज्जत होते. मागच्या आठवड्यात एका रुग्णाच्या मुलाने दाराला लाथ मारली. हात स्वच्छ करा म्हटले की काहींना अपमान वाटतो. आता व्यवस्थापनाने नवी नोटीस आणि नियमावली लिहिण्याचे काम माझ्यावर सोपवले आहे. मऊ लिहिले तर कोणी ऐकणार नाही, कडक लिहिले तर आधीच दुःखात असलेली माणसे दुखावतील. कसे लिहू?

उत्तर:

प्रिय सिस्टर,

लिहायला बसण्यापूर्वी आठ दिवस दारापाशी एक वही ठेवा. भेटीच्या वेळेबाहेर जो कोणी दार ठोठावेल, त्याने नेमके काय विचारले ते ड्यूटीवरच्या परिचारिकेने त्याच्याच शब्दांत एका ओळीत टिपून ठेवावे. मी आयसीयूत 27 वर्षे काम केले आणि अशी वही दोनदा ठेवली. दोन्ही वेळा "मला आत सोडा" म्हणणारे थोडे निघाले. बहुतेकांचे प्रश्न वेगळेच होते: रात्र कशी गेली, ताप उतरला का, स्कॅनचा रिपोर्ट आला का, रक्त आणायचे आहे का, डॉक्टर केव्हा भेटतील. ही माणसे बातमीसाठी दारात उभी असतात, आणि बातमी कधी मिळणार हे कोणीच सांगितलेले नसल्यामुळे दार उघडले की आत डोकावण्याखेरीज त्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही.

म्हणून आपल्या नोटिशीचे पहिले वाक्य भेटीच्या वेळेचे नसावे. डॉक्टर दररोज किती वाजता बोलतील, ते पहिल्या वाक्यात यावे. दहा कुटुंबांना प्रत्येकी पाच मिनिटे धरली, तर हे काम तासाभरात आटोपते. दुपारी 12 ते 1 ही वेळ सोयीची पडते, कारण सकाळचा राउंड, एक्स-रे, स्पंजिंग आणि ड्रेसिंग तोवर उरकलेले असते आणि 2 वाजताच्या हँडओव्हरला अवधी असतो. हे बोलणे पॅसेजमध्ये उभ्याउभ्या होऊ नये. एक छोटी खोली आणि तीन खुर्च्या एवढे पुरे आहे. घरच्यांनी ठरवलेला एकच माणूस दररोज यावा आणि त्याच्याबरोबर खाटेवरची परिचारिकाही बसावी, म्हणजे डॉक्टरांनी दुपारी काय सांगितले हे तिला संध्याकाळी ठाऊक असते. एखादा रुग्ण अचानक बिघडून डॉक्टर अडकले, तर सव्वाबारापर्यंत कोणीतरी बाहेर जाऊन तसे सांगितलेच पाहिजे. ठरलेली वेळ न सांगता दोनदा चुकली, की लोक पुन्हा दारात येऊन उभे राहतात आणि मग पाटीवर काहीही लिहिले तरी उपयोग होत नाही.

भेटीचा अर्धा तास मला अपुरा वाटतो, आणि हे आपल्या व्यवस्थापनाला स्पष्ट सांगण्यासाठी आपल्या हाती आधार असावा म्हणून एका अभ्यासाचा उल्लेख करते. ब्राझीलमधील 36 आयसीयूंमध्ये दिवसाला 12 तासांपर्यंतची मोकळी भेट आणि साडेचार तासांपर्यंतची मर्यादित भेट यांची तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. मोकळ्या भेटीमुळे आयसीयूत होणारे संसर्ग वाढले नाहीत आणि नातेवाईकांची चिंता व उदासी कमी झाली. रुग्णांमधील डिलिरियम, म्हणजे आजारपणातला तो संभ्रम आणि बरळणे, मात्र अपेक्षेप्रमाणे ठळकपणे घटले नाही. "लोक आले की जंतू वाढतात" एवढ्याच कारणावरून दार बंद ठेवणे त्यामुळे टिकत नाही. त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे, की तेथे नातेवाईकांना आधी बसवून सर्व समजावून दिले जात होते. आपल्यासारख्या एकाच दालनात दहा खाटा असतील आणि रात्रपाळीला मोजक्याच परिचारिका असतील, तर बारा तासांची भेट लगेच सुरू करू नये. दुपारी 12 ते 1 आणि सायंकाळी 4.30 ते 6 असे दोन वेळ आणि एका वेळी दोघे, एवढे मी सुचवीन. सायंकाळची वेळ 6 च्या पुढे नेऊ नका. सत्तरी, सांगे किंवा काणकोणहून कदंब बसने येणाऱ्या माणसाला परतीची गाडी चुकली, तर तो रात्र आपल्याच पायऱ्यांवर काढतो.

आता शब्दांविषयी. एक प्रसंग सांगते. कोणत्या इस्पितळातला ते सांगत नाही. सत्तरीच्या एका आजींची श्वासनलिकेतली नळी सकाळीच काढली होती. दुपारी भेटीला आलेल्या सुनेने पदराआडून थर्मास काढला आणि आजींना दोन चमचे पेज पाजली. नळी काही दिवस घशात राहिली, की गिळण्याची क्रिया काही काळ बिघडलेली असते. घशाला भान नसते आणि घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो. आजींना ठसका लागला, आवाज घोगरा झाला, मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा भराभर खाली आला आणि संध्याकाळी त्यांना पुन्हा नळी घालावी लागली. मी त्या सुनेला बाजूला नेऊन विचारले, की बाई, दारावरची पाटी वाचली नाही का? ती रडत म्हणाली, "वाचली ना सिस्टर. बाहेरचे काही आणले नाही मी. घरचीच पेज, माझ्या हातची."

तिने नियम मोडला नव्हता. आमच्या पाटीवर "बाहेरचे खाद्यपदार्थ" असे लिहिले होते, आणि कुठल्याही घरात बाहेरचे म्हणजे हॉटेलातले. तेच वाक्य आज आपल्या दारावर आहे. ते असे बदला: "घरची पेज, शहाळ्याचे पाणी, तीर्थ किंवा साधे पाण्याचे दोन थेंबसुद्धा सिस्टरला विचारल्याशिवाय तोंडात घालू नये, गिळताना ते फुप्फुसात जाऊ शकते." पदार्थांची नावे घेतली, की वाचणाऱ्याला आपल्या पिशवीतले भांडे आठवते. शहाळ्याचे नाव मी मुद्दाम घातले आहे. त्याच्यात पोटॅशियम भरपूर असते आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात ते साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पण आपल्याकडे शहाळे हे आजारी माणसाचे पहिले पेय मानले जाते. तीर्थाचे आणि चर्चमधून आणलेल्या पवित्र पाण्याचेही तसेच. ते नाकारू नका. कपाळाला लावू द्या, अंगाऱ्याची पुडी उशाशी बंद पाकिटात ठेवू द्या, पाद्रींना किंवा भटजींना दोन मिनिटे प्रार्थना करू द्या. तोंडात काही घालायचे नाही, एवढी एकच रेघ ओढा आणि ती कोणासाठीही पुसू नका.

यावरूनच नोटिशीची माझी कसोटी ठरली. प्रत्येक नियमाचे कारण त्याच वाक्यात देता आले पाहिजे, आणि ज्या नियमाचे कारण आपल्याला सांगता येत नाही तो काढून टाकावा. "सक्त मनाई" हे शब्द कारण देत नाहीत, फक्त आवाज चढवतात. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक ओळीत "कृपया" आणि "नम्र विनंती" लिहिले, तर वाचणाऱ्याला वाटते की हे पाळले नाही तरी चालेल. "करावे", "येऊ नये" एवढे साधे क्रियापद पुरेसे ठाम असते.

हात स्वच्छ करण्याचा अपमान वाटतो, त्याचे मूळ बहुधा बाटलीच्या जागेत आहे. दारात सुरक्षारक्षक बाटली घेऊन उभा असतो आणि "हात पुढे करा" म्हणतो. माणसाला आपण अस्वच्छ ठरवले गेलो असे वाटते. शिवाय दारात चोळलेला हात खाटेपर्यंत स्वच्छ राहत नाही. माणूस दाराची मूठ धरतो, मास्क सारखा करतो, खिशातला मोबाइल काढून बंद करतो आणि त्याच हाताने वडिलांचा हात धरतो. हँडरबची बाटली प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी असली पाहिजे, आणि परिचारिकेने आधी स्वतःच्या हातावर ते घेऊन मग नातेवाईकाच्या तळव्यावर घालावे. दोघे एकाच वेळी हात चोळत असले, की त्यात अपमानाला जागा राहत नाही.

तळव्याची खोलगट जागा भरेल एवढे हँडरब घ्यावे आणि हात कोरडे होईपर्यंत, म्हणजे 20 ते 30 सेकंद, चोळावे. बहुतेकांचा अंगठा आणि नखांची टोके राहून जातात, तर काहीजण ओले हात पदराला किंवा पँटला पुसतात आणि केलेले वाया जाते. हाताला काही घाण दिसत असेल किंवा रुग्णाला जुलाब होत असतील, तर साबण आणि पाणीच वापरावे आणि त्याला 40 ते 60 सेकंद द्यावेत, कारण जुलाब करणाऱ्या काही जंतूंचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. बाहेर पडतानाही हात चोळायचे आहेत, हे स्वतंत्र वाक्यात लिहा. लोकांना वाटते की हे सारे रुग्णासाठी आहे. पण खाटेच्या कठड्यावरचे आणि चादरीवरचे जंतू घेऊन हाच माणूस बाहेरच्या बाकावर दुसऱ्या रुग्णाच्या बहिणीशेजारी बसतो.

बांगड्या आणि मंगळसूत्राबाबत एक विनंती आहे. पती व्हेंटिलेटरवर असताना बायकोला बांगड्या उतरवायला सांगणे म्हणजे काय, हे आपण दोघी जाणतो. परिचारिका आणि डॉक्टरांनी कोपरापर्यंत हात मोकळे ठेवावेत, कारण ते दिवसभर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. पाच मिनिटे हात धरून बसणाऱ्या बाईने बांगड्या वर सारून मनगटापर्यंत हँडरब चोळले, की तेवढे भागते. मनगटावरच्या देवाच्या दोऱ्यालाही हेच लागू आहे. त्याउलट, सरसकट गाऊन आणि बुटांवरची आवरणे यांची सक्ती खुशाल काढून टाका. त्यामुळे संसर्ग घटतो असे दिसलेले नाही, आणि आवरण चढवताना माणूस हाताने स्वतःचे बूटच धरतो. आयसोलेशनमधल्या रुग्णासाठी गाऊन किंवा हातमोजे लागतील तेव्हा त्या खाटेची सिस्टर सांगेल.

नोटिशीत आणखी एक ओळ असावी आणि तिच्यासाठी आपल्याला डॉक्टरांशी थोडे भांडावे लागेल: "आमच्यापैकी कोणी हात न चोळता आपल्या रुग्णाला हात लावताना दिसले, तर लगेच सांगावे, आम्हाला राग येणार नाही." ही ओळ लिहिली तर पाळावी लागते. कन्सल्टंटला एखाद्या मुलीने तसे सांगितले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली, तर त्या दिवसापासून हात धुण्याचा नियम फक्त गरिबांसाठी आहे असे बाकावरचा प्रत्येकजण समजेल.

आता वागणुकीकडे येते. मोठ्याने रडणे, आवाज चढवणे, एकच प्रश्न पाच वेळा विचारणे हे दुःख आहे. त्यासाठी नियम लागत नाही, एक खुर्ची आणि पाण्याचा पेला लागतो. अंगावर येणे, धमकावणे, नळी किंवा यंत्राला हात लावणे आणि मोबाइलवर चित्रण करणे या चार गोष्टींसाठीच नियम लिहा. चित्रणाचे कारण सांगताना शेजारच्या खाटेवरील माणूस डोळ्यांपुढे आणा: त्याच्या अंगावर पुरेसे कपडे नसतात आणि तो "नको" म्हणू शकत नाही.

दाराला लाथ बसण्याच्या आधीची दहा मिनिटे महत्त्वाची असतात. समजा मुलगा दारात आला आहे आणि आत वडिलांचे सक्शन चालू आहे. रक्षकाने "आता वेळ नाही" म्हटले की ठिणगी पडते. सिस्टरने स्वतः बाहेर येऊन म्हणावे, "बाब, तुमच्या वडिलांच्या छातीतला कफ काढत आहोत, त्यांना खोकला येतोय, पण ते ठीक आहेत. दहा मिनिटांनी मी स्वतः येते, तोवर इथे बसा." दहा मिनिटांनी काम संपले नसले तरी बाहेर येऊन "अजून संपले नाही" एवढे सांगावेच. तरीही आवाज वाढत गेला तर आपण, मग ड्यूटी डॉक्टर आणि त्यानंतर रक्षक, असा क्रम ठेवा. हात उगारला गेला तर क्रम पाहू नका. रक्षक आणि 112 लगेच. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध गोव्यात स्वतंत्र कायदा आहे, त्याचा उल्लेख नोटिशीत तळाशी एका वाक्यात असावा. मथळ्यात तो आला तर शंभरातल्या नव्याण्णव सज्जन माणसांशी आपण पहिलाच शब्द पोलिसांचा बोलतो. आणि भेट बंद करणे ही शिक्षा म्हणून कधीही वापरू नका. दंगा करणाऱ्याला त्या दिवशी आत सोडू नये, पण त्याच्या आईला किंवा भावाला सोडावे, कारण आतल्या रुग्णाने काहीही केलेले नाही.

नियमावली मात्र नोटिशीपासून वेगळी ठेवा. ती कर्मचाऱ्यांसाठी आहे आणि तिच्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग अपवादांचा असेल. अखेरच्या घटकेतील रुग्णाजवळ घरच्यांनी बसावे, तेथे वेळ मोजू नये. नव्याने दाखल झालेल्या रुग्णाला एका तासाच्या आत घरच्यांनी एकदा पाहावे. संभ्रमात नळ्या ओढणाऱ्या रुग्णाजवळ त्याच्या ओळखीचा आवाज असला तर हात बांधण्याची वेळ टळू शकते. बोटीवर किंवा आखातात कामाला असलेल्या मुलाला, परिचारिकेच्या देखरेखीखाली, केवळ आपल्या माणसाच्या चेहऱ्यापुरता व्हिडिओ कॉल द्यावा. मुलांना वयावरून सरसकट अडवू नये. ताप, खोकला, जुलाब किंवा अंगावर पुरळ असलेल्या कोणालाही, मोठ्यालासुद्धा, आत सोडू नये. अपवाद सिस्टर इनचार्ज आणि ड्यूटी डॉक्टर यांनी मिळून ठरवावा आणि रजिस्टरमध्ये कारण लिहावे. आमदाराचा फोन हे कारण होऊ शकत नाही. वाड्यावरून आलेली वीस माणसे बाकावर बसून सारे पाहत असतात, आणि एकाला ओळखीवर आत सोडलेले त्यांनी पाहिले, की उरलेल्या एकोणीस जणांना आपण काय सांगणार?

दारावर लावायचा मजकूर मी असा लिहीन:

"आपला माणूस आमच्या देखरेखीखाली आहे. त्याच्या प्रकृतीविषयी डॉक्टर दररोज दुपारी 12 ते 1 या वेळेत आपल्याशी बसून बोलतील. त्यासाठी कुटुंबाने ठरवलेल्या एका व्यक्तीने यावे. प्रकृतीत मोठा बदल झाला, तर दिवस असो की रात्र, आम्ही स्वतः आपल्याला फोन करू.

भेट दुपारी 12 ते 1 आणि सायंकाळी 4.30 ते 6 या वेळेत होईल. एका वेळी दोघांनी पास घेऊन आत यावे आणि बाहेर आल्यावर पास पुढच्या व्यक्तीला द्यावा. आत तातडीचे उपचार चालू असतील तर थांबावे लागेल. सिस्टर बाहेर येऊन आपल्याला सांगतील. ताप, खोकला, जुलाब किंवा अंगावर पुरळ असल्यास आत येऊ नये.

खाटेजवळ पोहोचल्यावर आणि तेथून निघताना तेथील बाटलीतले औषध हातांवर घेऊन कोरडे होईपर्यंत चोळावे. आमच्यापैकी कोणी तसे न करता रुग्णाला हात लावताना दिसले, तर लगेच सांगावे. आम्हाला राग येणार नाही.

रुग्णाचा हात धरावा, त्याच्याशी नेहमीसारखे बोलावे, आपले नाव आणि आजचा वार सांगावा. घरची पेज, शहाळ्याचे पाणी, तीर्थ किंवा पाण्याचा थेंबही सिस्टरला विचारल्याशिवाय तोंडात घालू नये. तो फुप्फुसात जाऊ शकतो. यंत्राचा आवाज झाला तर बटणांना हात न लावता एक पाऊल मागे यावे. शेजारच्या रुग्णांची लाज राखण्यासाठी येथे फोटो आणि चित्रण करता येणार नाही.

काही खुपत असेल तर सिस्टर इनचार्जना भेटावे. कर्मचाऱ्यांना धमकावणे किंवा मारहाण हा कायद्याने गुन्हा आहे आणि तशी तक्रार आम्ही नोंदवू."

हाच मजकूर कोंकणीत देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिप्यांत, शिवाय इंग्रजी आणि हिंदीत हवा. आपल्याकडे कोंकणी बोलणारे पण ती रोमी लिपीतच वाचणारे पुष्कळ आहेत, आणि बांधकामावरचे कामगार हिंदीच वाचतील. दारावर एकच भाषा मोठ्या अक्षरांत मावते, म्हणून बाकीच्या भाषांचे कागद दाखल होतेवेळी फॉर्मबरोबर हातात द्या आणि ज्याला वाचता येत नाही त्याला परिचारिकेने एकदा वाचून दाखवावे. त्याला तीन मिनिटेही लागत नाहीत. छापण्यापूर्वी मजकूर वॉर्डातल्या सफाई कामगार बाईला वाचायला द्या आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ तिच्या शब्दांत सांगायला सांगा. जिथे ती अडखळेल ते वाक्य बदला. नवा फलक लागेल त्या सकाळी जुन्या दोन्ही पाट्या उतरवा आणि खाटांच्या पायथ्याशी दहाही बाटल्या भरलेल्या आहेत का, ते आधी पाहून घ्या.